फोटोतील प्रश्नपत्रिका संविधान तक्त्याशी कशी ताडून पाहावी : दहावीच्या बीजगणिताचे एक उदाहरण

शाळेच्या दोन शाखा असल्या आणि दोन्हीकडे पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या शिक्षकांनी काढली, की दुसऱ्या शाखेची प्रश्नपत्रिका आपल्यापर्यंत बहुधा फोनवर काढलेल्या फोटोंच्या रूपातच पोहोचते. आमच्या बाबतीतही तसेच झाले. मी परळच्या शाखेत दहावीला गणित शिकवतो. मुलुंडच्या शाखेतील बाईंनी पहिल्या पूर्वपरीक्षेची बीजगणिताची प्रश्नपत्रिका काढली होती. परीक्षा पार पडल्यावर त्यांनी तिचे फोटो आणि मूळ संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रश्नात कोणत्या प्रकरणाला किती गुण हे आधी ठरवलेला तक्ता, पाठवला आणि विचारले, "सर, दुसरी पूर्वपरीक्षा काढण्याआधी एकदा बघाल का, प्रकरणांचे गुण तक्त्याप्रमाणे पडलेत का?" ही पडताळणी कशा क्रमाने करावी आणि कोठे फसगत होते, ते त्याच प्रश्नपत्रिकेच्या आधारे पुढे मांडले आहे.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही पद्धत होऊन गेलेल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी आहे. परीक्षा व्हायची असेल, तर प्रश्नपत्रिकेचा फोटो फोनवर येऊच नये. अशा वेळी मूळ प्रत समोर ठेवून, काढणाऱ्या शिक्षकांच्या शेजारी बसूनच पडताळणी करावी.

तक्त्याची बेरीज किती, ते आधी पाहावे

दहावीच्या गणित भाग १ ची, म्हणजे बीजगणिताची, लेखी परीक्षा ४० गुणांची आणि दोन तासांची असते. तिच्या आराखड्यात प्रश्न १ (अ) मध्ये एकेका गुणाचे चार बहुपर्यायी प्रश्न आणि १ (ब) मध्ये एकेका गुणाचे चार प्रश्न असतात, आणि दोन्हींत विकल्प नसतो. प्रश्न २ (अ) मध्ये दोन गुणांच्या तीनपैकी दोन कृती आणि २ (ब) मध्ये दोन गुणांचे पाचपैकी चार प्रश्न सोडवायचे असतात. प्रश्न ३ (अ) मध्ये तीन गुणांच्या दोनपैकी एक कृती आणि ३ (ब) मध्ये तीन गुणांचे चारपैकी दोन प्रश्न असतात. प्रश्न ४ मध्ये चार गुणांच्या तीनपैकी दोन आणि प्रश्न ५ मध्ये तीन गुणांच्या दोनपैकी एक प्रश्न सोडवायचा असतो. विद्यार्थ्याने जेवढे सोडवायचे, तेवढ्याची बेरीज ४० होते. मात्र छापलेल्या सगळ्या उपप्रश्नांची बेरीज केली, तर ती ४ + ४ + ६ + १० + ६ + १२ + १२ + ६ म्हणजे ६० येते, आणि उपप्रश्नांची संख्या २७ भरते.

सगळ्यात जास्त चुका याच ठिकाणी होतात. संविधान तक्ता काही शाळांत ४० गुणांचा, तर काही शाळांत विकल्पासह ६० गुणांचा केलेला असतो, आणि तो कोणता आहे हे तक्त्यावर लिहिलेले असतेच असे नाही. तक्ता ४० चा असताना फोटोंतील सगळे उपप्रश्न मोजून त्याच्याशी ताडले, तर जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला जास्त गुण दिल्यासारखे दिसते आणि काढणाऱ्या शिक्षकांना विनाकारण बोल लागतो. म्हणून तक्त्याचा शेवटचा रकाना प्रथम स्वतः बेरीज करून पाहावा. ती ४० आली, तर प्रत्येक प्रकरणाच्या गुणांना दीडने गुणून अंदाजे विकल्पासहचे गुण काढता येतात. पण हा केवळ अंदाज असतो, कारण विकल्प सगळ्या प्रकरणांत सारख्या प्रमाणात वाटलेला असतोच असे नाही. बाईंच्या तक्त्याची बेरीज ६० होती, त्यामुळे हा प्रश्न मला पडला नाही.

फोटो पुरेसे आहेत की नाहीत

मला पाच फोटो मिळाले आणि प्रश्नपत्रिका चार पानांची होती. तिसऱ्या पानाचे दोन फोटो होते आणि त्यांपैकी एक हलल्यामुळे धूसर झाला होता. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंच्या नावांतील क्रमांक, उदाहरणार्थ `IMG-20250118-WA0007.jpg`, हा फोटो आल्याचा क्रम सांगतो, पानाचा नव्हे. म्हणून संगणकावर उतरवून घेतल्याबरोबर फाइलींना `1.jpg`, `2.jpg` अशी पानांनुसार नावे द्यावीत. घरी परतताना लोकलमध्ये फोनवरच हे काम उरकण्याचा मोह मला झाला होता. पण बोटांनी फोटो मोठा करून एकेक उपप्रश्न वाचताना पान कोठे संपले आणि पुढचे कोठे सुरू झाले, याचा हिशेब राहत नाही. ठाण्यापर्यंत जाऊन मी ते सोडून दिले.

फोटो पुन्हा मागवायचे असतील, तर दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली म्हणजे फोटो साध्या फोटोसारखे न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, कारण साध्या पद्धतीने पाठवताना फोटो दाबला जातो आणि घातांक, वजाचे चिन्ह व अपूर्णांकाची आडवी रेघ सर्वांत आधी पुसट होते. दुसरी गोष्ट म्हणजे पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी छपाई असेल, तर पानाखाली काळा कागद किंवा काळी वही ठेवावी, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरे पुढच्या मजकुरात मिसळत नाहीत. शिक्षककक्षातील ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हात आणि फोन यांची सावली नेमकी मधल्या ओळींवर पडते, त्यामुळे दिवसा खिडकीजवळ काढलेला फोटो केव्हाही बरा.

फोटो वाचण्याजोगे आहेत का, हे ठरवताना सगळा मजकूर सुवाच्य असण्याची वाट पाहू नये. आपल्याला प्रत्येक उपप्रश्नाचा क्रमांक, त्याचे गुण, तो कोणत्या प्रकरणातील आहे हे कळण्यापुरता मजकूर आणि प्रश्नाच्या माथ्यावरील "कोणतेही किती" ही सूचना, एवढेच हवे असते. यांपैकी गुण सर्वांत जास्त वेळा हरवतात, कारण ते उजव्या समासात चौकोनी कंसात छापलेले असतात आणि फोटोची उजवी कड नेमकी तेथेच कापली जाते. माझ्याकडे आलेल्या तिसऱ्या पानावर प्रश्न ३ (ब) समोरचा कंस अर्धा कापला गेला होता आणि त्याच ओळीतील "कोणतेही दोन" यातील "दोन" सावलीत गेले होते. ते "तीन" असण्याचीही शक्यता होती. अशा वेळी अंदाज करू नये, बेरजेने शोधावे. बाकीच्या प्रश्नांचे सोडवायचे गुण ४, ४, ४, ८, ३, ८ आणि ३ असे दिसत होते. त्यांची बेरीज ३४ होते आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर एकूण गुण ४० छापलेले होते. म्हणजे ३ (ब) ला ६ गुणच उरतात, आणि तीन गुणांचे दोन प्रश्न सोडवायचे हे नक्की होते. तीन प्रश्न असते, तर एकूण बेरीज ४३ झाली असती. ही युक्ती एकच जागा हरवलेली असताना चालते. दोन ठिकाणचे गुण एकाच वेळी कापले गेले असतील, तर नवा फोटो मागवण्याला पर्याय नाही.

शेवटी उपप्रश्न मोजावेत. ते २७ भरले पाहिजेत. २६ आले, तर बहुधा एखाद्या पानाची शेवटची ओळ कापली गेलेली असते. २८ आले, तर एखाद्या कृतीतील पायरी आपण चुकून स्वतंत्र उपप्रश्न म्हणून मोजलेली असते.

प्रत्येक उपप्रश्नाला प्रकरण द्यायचे

आता गूगल शीटमध्ये किंवा एक्सेलमध्ये चार रकान्यांची एक साधी यादी करावी. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उपप्रश्न, तिसऱ्यात गुण आणि चौथ्यात प्रकरण लिहावे. पाचवा रकाना शेऱ्यासाठी ठेवला तर उत्तम. प्रश्न २ (अ) आणि २ (ब) यांना "प्रश्न २" असे एकत्र लिहू नये. त्यामागचे कारण पुढे येईल. प्रश्नाचा मजकूर टंकण्याची गरज नाही, शेऱ्याच्या रकान्यात "दोन नाणी, नमुना अवकाश" इतके लिहिले तरी पुरते.

बीजगणिताच्या पुस्तकात सहा प्रकरणे आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. बहुतेक उपप्रश्नांचे प्रकरण पाहताक्षणीच कळते. निश्चयकाची किंमत विचारली की ते रेषीय समीकरणांचे, आणि शेअरचा बाजारभाव विचारला की अर्थनियोजनाचे. अडचण होते ती ज्या प्रश्नाची गोष्ट एका प्रकरणाची आणि गणित दुसऱ्या प्रकरणाचे असते, तेथे. प्रश्न २ (अ) मधील तिसऱ्या कृतीत एक कामगार पहिल्या महिन्यात ५०० रुपये साठवतो, पुढे दर महिन्याला ५० रुपये जास्त साठवतो, आणि वर्षाअखेरची एकूण बचत विचारली आहे. रुपये आणि बचत हे शब्द पाहून मी घाईत चौथ्या रकान्यात "अर्थनियोजन" लिहिले. प्रत्यक्षात रिकाम्या चौकटींत `a = 500`, `d = 50`, `n = 12` भरायचे होते आणि उत्तर 9300 येत होते. ही उघडउघड श्रेढी आहे. म्हणून नियम असा ठेवावा की प्रश्नातील गोष्टीकडे न पाहता विद्यार्थ्याला उत्तरपत्रिकेत काय लिहावे लागते तेच पाहावे. कृतींच्या बाबतीत तर रिकाम्या चौकटीच वाचाव्यात, कारण गुण त्या चौकटींनाच असतात.

याहून कठीण प्रश्न चौथ्या प्रश्नात होता. त्यातील दुसरा उपप्रश्न असा होता की 1 पासून n पर्यंतच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज 325 असेल, तर n ची किंमत काढा. बेरजेचे सूत्र श्रेढीचे आहे आणि उत्तर वर्गसमीकरणातून मिळते.

```
n(n+1)/2 = 325
n² + n − 650 = 0
(n + 26)(n − 25) = 0
n = 25
```

अशा प्रश्नाचे गुण दोन प्रकरणांत अर्धे अर्धे वाटावेत असे कोणी सुचवते, पण त्याने तक्त्यात अर्ध्या गुणांची गर्दी होते आणि निष्कर्ष काहीच निघत नाही. मी आदर्श उत्तरपत्रिकेतील पायऱ्यांचे गुण पाहतो. येथे सूत्रात किंमत ठेवण्याला एक गुण, समीकरण प्रमाणरूपात आणण्याला एक, अवयव पाडण्याला एक, आणि −26 ही किंमत का घेता येत नाही हे लिहून 25 हे उत्तर देण्याला एक, असे चार गुण होते. त्यांपैकी तीन गुण वर्गसमीकरणाचे असल्याने तो प्रश्न मी वर्गसमीकरणात धरला आणि शेऱ्याच्या रकान्यात तारांकन केले. हे तारांकन विसरता कामा नये. हा एक प्रश्न दुसरीकडे टाकला, तर दोन प्रकरणांचे चित्र किती पालटते, ते लगेच दिसेलच.

सगळे भरून झाले, की बेरीज शीटकडूनच करून घ्यावी. पहिली ओळ शीर्षकांची असली, तर २७ उपप्रश्न २ ते २८ या ओळींत येतात. F2 मध्ये प्रकरणाचे नाव लिहून शेजारच्या चौकोनात पुढील सूत्र घालावे आणि सहाही प्रकरणांपर्यंत खाली ओढावे.

```
=SUMIFS($C$2:$C$28,$D$2:$D$28,F2)
```

सहाही उत्तरांची बेरीज ६० आली पाहिजे. ती कमी आली, तर चौथ्या रकान्यात एखाद्या प्रकरणाचे नाव वेगळ्या ऱ्हस्वदीर्घाने लिहिले गेले असण्याचीच शक्यता जास्त. "सांख्यिकी" आणि "सांख्यीकी" ही शीटच्या दृष्टीने दोन वेगळी प्रकरणे आहेत. म्हणून नावे टंकण्यापेक्षा पहिल्यांदा लिहिलेले नावच खाली चिकटवत जावे.

तक्ता आणि प्रत्यक्ष

बचतीची कृती श्रेढीत हलवल्यावर आणि 325 चा प्रश्न वर्गसमीकरणात धरल्यावर विकल्पासहचे गुण असे आले.

| प्रकरण | तक्त्यात | प्रत्यक्षात | फरक |
|---|---|---|---|
| रेषीय समीकरणे | १२ | १२ | ० |
| वर्गसमीकरणे | १२ | १४ | +२ |
| अंकगणिती श्रेढी | ८ | ११ | +३ |
| अर्थनियोजन | ८ | ८ | ० |
| संभाव्यता | ८ | ८ | ० |
| सांख्यिकी | १२ | ७ | −५ |

दोन गुणांचा फरक मी सोडून देतो, कारण दोन गुणांचा एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की तेवढा फरक पडतोच. तीन गुणांच्या फरकाला मी कारण विचारतो. पाच गुणांचा फरक मात्र ६० पैकी १२ गुणांच्या प्रकरणात खपवून घेता येणार नाही. तारांकित प्रश्न श्रेढीत धरला असता, तर वर्गसमीकरणे १० वर आणि श्रेढी १५ वर गेली असती, म्हणजे श्रेढीला ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट गुण पडले असते. बाई कोणत्याही बाजूने युक्तिवाद करोत, सांख्यिकीचे पाच गुण कोठे गेले हे दोन्ही परींनी शोधावे लागतेच.

ते शोधण्यासाठी प्रत्येक प्रश्नासाठी तक्त्यातील प्रकरणे आणि प्रत्यक्षातील प्रकरणे समोरासमोर लिहावीत. बहुतेक प्रश्न तंतोतंत जुळले आणि फरक फक्त तीन जागी निघाला. २ (अ) मध्ये रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि सांख्यिकी यांच्या कृती ठरल्या होत्या, पण सांख्यिकीच्या जागी ती बचतीची श्रेढी आली होती. २ (ब) मध्ये श्रेढीचे दोन प्रश्न ठरले होते, त्यांपैकी एकाच्या जागी वर्गसमीकरणाचा प्रश्न आला होता. ३ (अ) मध्ये सांख्यिकी आणि श्रेढी अशा दोन कृती ठरल्या होत्या, पण छापलेल्या दोन्ही कृती श्रेढीच्या होत्या. सांख्यिकीच्या कृतीला सारणी लागते, सारणीला जागा लागते, आणि चार पानांत प्रश्नपत्रिका बसवताना सारणीच सर्वांत आधी वगळली जाते. बाईंनीही नंतर फोनवर हेच सांगितले. हे कारण समजण्याजोगे आहे, पण त्यामुळे नुकसान नेहमी त्याच एका प्रकरणाचे होते.

विकल्प खरा आहे की नावापुरता

बहुतेक जण पडताळणी येथेच थांबवतात. मला मात्र पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण विकल्पासहच्या बेरजेत जे दिसत नाही ते येथे दिसते. विद्यार्थी ६० गुण सोडवत नाही, तो ४० सोडवतो. म्हणून प्रत्येक प्रकरणासाठी दोन आकडे काढावेत. त्या प्रकरणाला हात न लावल्यास किती गुण गमवावेच लागतात, हा पहिला आकडा, आणि ते प्रकरण पक्के असेल तर जास्तीत जास्त किती गुण मिळवता येतात, हा दुसरा.

यासाठी प्रत्येक प्रश्नात किती उपप्रश्न सोडून देता येतात, ते लक्षात ठेवावे लागते. प्रश्न १ मध्ये एकही नाही, ३ (ब) मध्ये दोन, आणि बाकी प्रत्येक ठिकाणी एक. एखाद्या प्रश्नात एकाच प्रकरणाचे उपप्रश्न सोडता येण्याजोग्या संख्येपेक्षा जास्त झाले, की जास्तीचे उपप्रश्न सक्तीचे होतात. (अ) आणि (ब) हे भाग यादीत वेगळे ठेवायला सांगितले, ते याचसाठी.

श्रेढीकडे पाहू. प्रश्न १ मधील तिचा एक गुण सक्तीचा आहेच. २ (अ) आणि २ (ब) मध्ये तिचा एकेक प्रश्न आहे, तो सोडून देता येतो. ३ (अ) मध्ये मात्र दोनपैकी एक कृती सोडवायची आहे आणि दोन्ही कृती श्रेढीच्या आहेत. त्यामुळे "कोणतीही एक" असे छापलेले असले, तरी श्रेढी न येणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे निवडीला वावच नाही आणि तीन गुण सक्तीचे झाले. एकूण सक्तीचे गुण चार झाले. उलट बाजूने पाहिले, तर ज्याची श्रेढी पक्की आहे त्यालाही ३ (अ) मधून तीनच गुण मिळणार, सहा नव्हे. म्हणजे विकल्पासहच्या बेरजेत श्रेढीला ११ गुण पडल्यासारखे दिसत असले, तरी प्रत्यक्षात १ + २ + २ + ३ असे जास्तीत जास्त आठच गुण तीतून मिळवता येतात. तीन गुण कागदावरच राहतात. तारांकित प्रश्न श्रेढीचा मानला, तर ही कमाल मर्यादा १२ होते.

मूळ तक्त्याकडेही याच नजरेने पाहावे, कारण दोष छापलेल्या प्रश्नपत्रिकेचाच असतो असे नाही. तक्त्यात २ (ब) मध्ये श्रेढीचे दोन प्रश्न होते आणि तेथे एकच सोडता येतो. म्हणजे तक्ता काटेकोर पाळला असता, तरी प्रश्न १ मधील एक गुण धरून श्रेढीचे तीन गुण सक्तीचे झालेच असते. ते मला गैर वाटत नाही, पण ठरवून झालेले असावे, नकळत नव्हे.

सांख्यिकीत नेमके उलटे घडले. तक्त्यानुसार तिचे प्रश्न पाच वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले होते, त्यामुळे ती टाळणाऱ्याला एकच गुण गमवावा लागला असता आणि ती पक्की करणाऱ्याला १२ गुण मिळाले असते. प्रत्यक्षात टाळणाऱ्याचे नुकसान एका गुणाचेच राहिले, पण अभ्यास करणाऱ्याची कमाल मर्यादा १ + २ + ४ म्हणजे सातवर आली. मध्य, मध्यक, बहुलक आणि आलेख यांवर ज्या मुलाने आठवडा घालवला, त्याचे पाच गुण गेले.

दुरुस्ती कशी सुचवावी

"सांख्यिकी कमी, श्रेढी जास्त" एवढाच शेरा पाठवला, तर पुढच्या वेळी सांख्यिकीचे दोन प्रश्न कोठेतरी घुसडले जातात आणि नवा असमतोल होतो. २ (ब) मध्ये आधीच सांख्यिकीचा एक प्रश्न आहे, तेथे दुसरा टाकला तर एक प्रश्न सक्तीचा होतो. म्हणून बदल जागेसकट लिहून द्यावा. मी बाईंना तीन अदलाबदली लिहून पाठवल्या. २ (अ) मधील बचतीच्या कृतीच्या जागी सांख्यिकीची कृती घ्यावी, ३ (अ) मधील एका श्रेढीच्या कृतीच्या जागी सांख्यिकीची कृती घ्यावी, आणि २ (ब) मधील वर्गसमीकरणाचा एक प्रश्न काढून तेथे श्रेढीचा प्रश्न परत आणावा. प्रत्येक बदल समान गुणांच्या प्रश्नांत असल्याने ४० आणि ६० या दोन्ही बेरजा जशाच्या तशा राहतात, आणि सहाही प्रकरणे तक्त्यावर येतात.

325 च्या प्रश्नाविषयी मी वेगळे सुचवले. प्रश्न चांगला आहे, पण कोणत्याही तक्त्यात तो वादाचाच राहणार. प्रश्न ४ मध्ये वर्गसमीकरणाचेच चार गुण हवे असतील, तर दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार 288 आहे, त्या संख्या शोधा, असा प्रश्न घेता येतो. त्यात `x² + 2x − 288 = 0` हे समीकरण मिळते, संख्या 16 आणि 18 येतात, आणि श्रेढीचा संबंधही येत नाही. जुना प्रश्न ठेवायचाच असेल, तर तो कोणत्या प्रकरणात धरला आहे हे संविधान तक्त्याच्या त्या चौकोनाखाली लिहून ठेवावे.

या पडताळणीतून काय कळत नाही, तेही ध्यानात घ्यावे. आकलन, उपयोजन आणि कौशल्य या उद्दिष्टांचा भारांश येथे तपासला जात नाही, आणि काठिण्य पातळी तर नाहीच. दोन गुणांचा प्रश्न सोपा आहे की दोन गुणांच्या मानाने लांब आहे, हे फक्त तो स्वतः सोडवून, घड्याळ लावूनच कळते. फोटोवरून गणित बरोबर आहे का, हे सांगण्याचे धाडसही करू नये. सावलीत वजाचे चिन्ह अधिक वाटले, तर प्रकरण तेच राहते, पण उत्तर बदलते, आणि चुकीची छपाई झाल्याचा आरोप आपण विनाकारण करून बसतो. तशी शंका आली, तर मूळ छापील प्रत मागवावी.

बाईंनी तीनही बदल मान्य केले. 325 चा प्रश्न मात्र सोडून देणे त्यांच्या जिवावर आले. तो त्यांनी प्रश्न ५ मध्ये नेला, त्याचे गुण तीन केले, आणि तेथील संभाव्यतेचा तीन गुणी प्रश्न काढून टाकला. त्यामुळे संभाव्यता आठवरून पाचवर आली. दुसऱ्या पूर्वपरीक्षेचा तक्ता आम्ही दादरला भेटून कागदावर केला, २ (अ), २ (ब), ३ (अ) आणि ३ (ब) यांना स्वतंत्र रकाने दिले, आणि संभाव्यतेचे ते तीन गुण कोठून भरून काढायचे यावर बराच वेळ घालवला.